ब्रोशरमधला स्विमिंग पूल फूटपट्टीने मोजा

नव्या गृहप्रकल्पाच्या ब्रोशरमध्ये एक पान हमखास स्विमिंग पूलचं असतं. निळंशार नितळ पाणी, कडेला लाकडी डेक, आरामखुर्च्या, मागे काचेचं क्लबहाऊस आणि पाण्यात एखाद-दुसरं कुटुंब. घर बघायला आलेली माणसं या पानावर थोडी जास्त रेंगाळतात, मुलं तर तिथेच अडकतात. बहुतेक वेळा हे पान छापलं जातं तेव्हा जागेवर साधा खड्डाही खणलेला नसतो. म्हणजे ते छायाचित्र नसतं. संगणकावर रचलेलं, मोजून बांधलेलं चित्र असतं.

हे चित्र मोजमापांतून तयार झालेलं असतं, म्हणूनच त्यातून मोजमापं परत काढताही येतात. हातात एक फूटपट्टी आणि पेन्सिल असली तर त्या पूलची रुंदी किती, माणसं खऱ्या मापाची आहेत का, पाणी खऱ्या पाण्यासारखं वागतंय का, हे घरबसल्या बरंचसं कळतं. लाखो रुपयांचा निर्णय घेणाऱ्याने इतकं तपासावंच, असं मला वाटतं.

चित्र तयार कसं होतं

वास्तुविशारदाच्या कार्यालयातून पूलचा आराखडा थ्रीडी व्ह्यू करणाऱ्या कलाकाराकडे येतो. त्यात लांबी, रुंदी, खोली, डेकची पातळी आणि क्लबहाऊसच्या भिंती असतात. कलाकार थ्रीडीएस मॅक्स किंवा स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची प्रतिकृती उभारतो. मग टाइल, लाकूड, काच, पाणी असे पृष्ठभाग तिला दिले जातात. व्ही-रे, कोरोना किंवा लुमियनसारखं रेंडरिंगचं सॉफ्टवेअर सूर्यप्रकाशाचा हिशोब करून चित्र बनवतं. त्यानंतर एक कॅमेरा 'लावला' जातो. हा कॅमेरा संगणकातला असला तरी त्याला खऱ्या कॅमेऱ्यासारखीच उंची असते आणि लेन्सही असते. शेवटी माणसं येतात. कधी ती थ्रीडी असतात, पण बऱ्याचदा छायाचित्रांतून कापून घेतलेली असतात आणि फोटोशॉपमध्ये चित्रावर ठेवली जातात.

चूक बहुतेकदा या शेवटच्या टप्प्यावर होते. पूलची मापं आराखड्यातून आलेली असतात, पण कापून ठेवलेल्या माणसाला माप नसतं. कोपरा धरून ओढला की तो मोठा होतो, ढकलला की लहान होतो. माणूस लहान झाला की शेजारचा पूल आपोआप मोठा दिसतो, कारण चित्रातली प्रत्येक वस्तू आपण नकळत माणसाच्या मापाने जोखत असतो.

यात थोड्या फरकाने किती मोठा परिणाम होतो ते पाहा. 1.65 मीटर उंचीच्या माणसाऐवजी चित्रात 1.3 मीटरचा माणूस उभा केला, तर शेजारचा पूल लांबीत 27 टक्के मोठा भासतो आणि रुंदीतही तितकाच. क्षेत्रफळ या दोन्हींचा गुणाकार असतं, म्हणून ते साठ टक्क्यांनी फुगतं. 60 चौरस मीटरचा पूल 96 चौरस मीटरच्या आसपास वाटू लागतो. तेवढ्यासाठी कुणाला आराखड्याला हात लावावा लागत नाही.

क्षितिजरेषा सगळं सांगते

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पूल 12 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद आहे, खोली 1.2 मीटर, म्हणजे सुमारे चार फूट. शहरांतल्या मध्यम सोसायट्यांत साधारण एवढाच पूल असतो. शर्यतीचा ऑलिंपिक तलाव 50 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद असतो, हे शेजारी ठेवलं की सोसायटीच्या पूलचा आवाका ध्यानात येतो. कॅमेरा पूलच्या आखूड बाजूसमोर, कडेपासून चार मीटर मागे, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर म्हणजे डेकपासून 1.6 मीटरवर लावलेला आहे. लेन्स 24 मिलिमीटरची, ब्रोशरमध्ये नेहमी दिसणारी रुंद कोनाची. चित्र आडव्या ए-फोर पानावर छापलं आहे.

पहिलं काम क्षितिजरेषा शोधण्याचं. पूलच्या दोन लांब कडा प्रत्यक्षात एकमेकींना समांतर असतात, पण चित्रात त्या दूरवर जवळ येत जातात. पट्टी ठेवून त्या दोन्ही पुढे वाढवा. जिथे त्या भेटतील त्या बिंदूतून पानाला आडवी रेघ मारा. ही क्षितिजरेषा. कॅमेरा जितक्या उंचीवर असतो, तितक्याच उंचीवरून ही रेघ चित्रातल्या प्रत्येक वस्तूला छेदते, मग ती वस्तू जवळ असो की लांब.

याचा उपयोग असा. आपल्या उदाहरणात पूलची जवळची कड क्षितिजरेषेच्या 8 सेंटिमीटर खाली येते. कॅमेरा 1.6 मीटर उंचीवर आहे, म्हणून त्या ठिकाणी पानावरचे 8 सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले 1.6 मीटर. आता तीच कड आडवी मोजली तर ती 25 सेंटिमीटर भरते. 25 ला 8 ने भागून 1.6 ने गुणा. उत्तर येतं 5 मीटर. पलीकडची कड क्षितिजरेषेच्या 2 सेंटिमीटर खाली आहे आणि तिची पानावरची रुंदी साधारण 6.2 सेंटिमीटर आहे. हिशोब पुन्हा पाच मीटरच्या जवळ येतो. दोन्ही ठिकाणी उत्तर जुळलं, म्हणजे रेघ बरोबर मारली गेली.

लांबीच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. पलीकडची कड क्षितिजाच्या चौपट जवळ आहे, म्हणजे ती कॅमेऱ्यापासून चौपट लांब आहे, एवढंच चित्र सांगतं. ते अंतर मीटरमध्ये किती, हे लेन्सवर ठरतं. 24 मिलिमीटरच्या लेन्सने जवळची कड 4 मीटरवर आणि पलीकडची 16 मीटरवर येते, म्हणून पूल 12 मीटरचा. पण कलाकाराने 18 मिलिमीटरची आणखी रुंद लेन्स लावली, तर पानावर अगदी याच रेघा उमटवणारा पूल फक्त 9 मीटर लांब असेल. कॅमेरा 3 मीटरवर, पलीकडची कड 12 मीटरवर. पाहणाऱ्याला दोन चित्रांतल्या पूलच्या आकारात काहीच फरक दिसणार नाही. म्हणून रुंदी चित्रावरून काढावी आणि लांबी नेहमी आराखड्यावरून विचारावी.

कॅमेरा खरोखर डोळ्यांच्या उंचीवर आहे की नाही, हेही तपासता येतं. तसा असेल, तर डेकवर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्याजवळून क्षितिजरेषा गेली पाहिजे. जवळच्याच्याही आणि लांबच्याच्याही. एका माणसाच्या डोळ्यांवरून ती जाते आणि शेजारच्या दुसऱ्या माणसाच्या डोक्यावरून बरीच उंच जाते, असं दिसलं तर त्यातला एक माणूस ढकलून लहान केलेला आहे. मुलं आणि बसलेली माणसं या तपासणीतून वगळावीत.

सगळीच माणसं एका प्रमाणात लहान केली आणि कॅमेराही खाली आणला, तर क्षितिजरेषेवरून ही लबाडी पकडता येत नाही. तेव्हा दुसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे क्लबहाऊसचा दरवाजा. साधा दरवाजा 2.1 मीटर म्हणजे सात फूट उंच असतो. त्याच्या जवळ उभा असलेला माणूस दरवाजाच्या तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक उंच दिसायला हवा. तो दोन तृतीयांशापर्यंतही पोहोचत नसेल, तर एक तर दरवाजा अवाढव्य आहे किंवा माणूस छोटा आहे. आरामखुर्चीही उपयोगी पडते. ती साधारण दोन मीटर लांब असते, म्हणून तिच्यावर आडवा झालेला माणूस ती जवळजवळ भरून टाकतो.

उंचावरून, ड्रोनमधून पाहिल्यासारखा व्ह्यू असेल तर कॅमेऱ्याची उंची आपल्याला ठाऊक नसते. तिथे दरवाजा, खुर्ची आणि माणूस हे तीनच साक्षीदार उरतात आणि तिघांचं एकमेकांशी पटतंय का, हेच पाहायचं असतं.

पाण्यातली माणसं

डेकवरच्या माणसांपेक्षा पाण्यातली माणसं अधिक फसवी असतात, कारण त्यांचा अर्धा भाग झाकलेला असतो. 1.2 मीटर खोल पाण्यात 1.65 मीटर उंचीचा माणूस तळाला पाय टेकून उभा राहिला, तर पाणी त्याच्या छातीपर्यंत येतं. खांदे, मान आणि डोकं पाण्याबाहेर असतात. चित्रात नुसतं डोकं पाण्याबाहेर दिसत असेल, तर पाहणाऱ्याला पूल आहे त्याहून खोल वाटतो. आणि पाणी कमरेपर्यंतच असेल, तर तो मोठ्यांसाठीचा पूल उरत नाही.

पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या पूलला खोली कमी ठेवण्याचं एक साधं कारण आहे. पाण्याचं वजन. एक मीटर खोल पाणी दर चौरस मीटरला एक टन भार टाकतं. आपल्या उदाहरणातल्या पूलमध्ये 72,000 लिटर पाणी मावतं, म्हणजे फक्त पाण्याचंच वजन 72 टन. खोली वाढली की स्लॅब, बीम आणि खांब, सगळ्यांची क्षमता वाढवावी लागते. म्हणून अशा पूलच्या चित्रात कडेवरून सूर मारणारा तरुण दिसला की ते चित्र नुसतं चुकीचं नव्हे, तर धोकादायकही असतं. चार फूट पाण्यात डोक्याकडून सूर मारणाऱ्याची मान तळावर आपटून मोडू शकते. मुलं चित्रात पाहतात तसं वागतात, हे चित्र करणाऱ्याने आणि छापणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं.

नितळ पाणी कसं दिसतं

चित्रातल्या पाण्याबाबत बिल्डरची एकच मागणी असते, पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. घाईत काम करणारा कलाकार मग तळाच्या टाइल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच लख्ख दाखवतो. खरं पाणी कितीही नितळ असलं तरी असं दिसत नाही.

पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर त्याच्या पृष्ठभागावरून फक्त दोन टक्के प्रकाश परत येतो, बाकी आत शिरतो. म्हणून विहिरीच्या काठावरून वाकून पाहिलं की आतला दगड दिसतो. पण नजर जसजशी तिरपी होते तसतसा पृष्ठभाग आरसा होत जातो. आपल्या उदाहरणात जवळच्या कडेला पाणी साधारण 11 टक्के प्रकाश परावर्तित करतं, म्हणून तिथे तळाच्या टाइल स्पष्ट दिसतात. पलीकडच्या कडेला हेच प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. तिथे तळ पुसट होतो आणि त्या जागी आकाश, झाडं किंवा क्लबहाऊसच्या काचा उलट्या दिसतात. जवळ तळ आणि लांब आकाश, हा बदल सावकाश होत गेला की डोळ्यांना ते पाणी पटतं. चांगलं रेंडर हे स्वतःहून दाखवतं. ते नंतर फोटोशॉपमध्ये पुसलं गेलं की पाण्याऐवजी निळ्या काचेचा तुकडा ठेवल्यासारखं वाटतं.

दुसरी खूण तळाच्या उथळपणाची. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वळतो, त्यामुळे 1.2 मीटर खोल तळ सरळ वरून पाहिलं तर 90 सेंटिमीटरवरच असल्यासारखा दिसतो. तिरक्या नजरेने तो आणखी वर आल्यासारखा भासतो. उभ्या माणसाचे पाय पाण्यात आखूड दिसतात आणि शिडीचे दांडे पृष्ठभागाशी मोडल्यासारखे दिसतात. कापून ठेवलेल्या माणसाचे पाय पाण्याखाली सरळ आणि पूर्ण लांबीचे दिसत असतील, तर तो माणूस नंतर चिकटवलेला आहे.

तिसरी गोष्ट रंगाची. पाणी लाल प्रकाश हळूहळू शोषतं, म्हणून पांढऱ्या टाइलचा पूल फिकट निळा दिसतो. पण चार फुटांत हा परिणाम सौम्य असतो. गडद निळा रंग हवा असेल तर तो टाइलमधूनच येतो. तेव्हा चित्रात गर्द निळं पाणी असेल तर टाइलचा नमुना मागावा. नमुना पांढरा निघाला, तर तो निळा रंग फक्त छपाईतला आहे.

आणि चौथी गोष्ट उन्हाची. तळावर हलणारी प्रकाशाची जाळी नितळ पाण्याची ओळख असते, पण ती थेट ऊन पडलं तरच उमटते. पुण्यात डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशच वर येतो. तेव्हा 60 मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे 54 मीटरपर्यंत जाते. पूल इमारतीच्या उत्तरेला तीस मीटरवर असेल, तर ऐन हिवाळ्यात तो भर दुपारी सावलीत असणार आणि पाणी गारठलेलं राहणार. ब्रोशरमध्ये मात्र तिथे लख्ख ऊन असतं, कारण संगणकातला सूर्य कुठेही ठेवता येतो. आराखड्यावर उत्तर दिशेचा बाण असतो. तो पाहून पूल कोणत्या बाजूला येतोय हे ताडून घ्यावं.

काठाशी पाणी कुठपर्यंत आहे

चित्रात पाणी डेकच्या बरोबरीला येऊन काठावरून सांडताना दिसतं, तेव्हा तो ओव्हरफ्लो पूल असतो. सांडलेलं पाणी कडेच्या जाळीखालच्या पन्हळीतून एका वेगळ्या टाकीत जातं, तिथून गाळून पुन्हा पूलमध्ये येतं. त्यासाठी वेगळी टाकी, जास्त पाइप आणि मोठी पंपरूम लागते. स्किमर पूलमध्ये पाणी डेकच्या सुमारे दहा-पंधरा सेंटिमीटर खाली राहतं आणि भिंतीतल्या खाचांतून गाळणीकडे जातं. त्याचा खर्च कमी असतो. दोन्ही प्रकार चांगले चालतात, पण चित्रात एक आणि जागेवर दुसरा असं व्हायला नको. ओव्हरफ्लो दाखवला असेल तर आराखड्यात ती टाकी कुठे आहे, एवढंच विचारावं. उत्तर देणाऱ्याला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

प्रत्यक्षातलं नितळ पाणीसुद्धा पंप आणि गाळणीमुळेच नितळ राहतं. सहा तासांत सगळं पाणी एकदा गाळून निघावं असं धरलं, तर आपल्या पूलच्या पंपाला तासाला 12,000 लिटर पाणी फिरवावं लागेल. हे विजेचं बिल पुढे सोसायटीच भरते. पूल सुरू झाल्यावर पाणी स्वच्छ आहे का, हे ठरवण्याची साधी खूण अशी की काठावर उभं राहून तळाच्या मध्यावरची निचऱ्याची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. ती धूसर दिसत असेल तर पाण्यात उतरू नये.

चित्राच्या तळाशी असलेली बारीक ओळ

अशा पानाच्या कोपऱ्यात 'हे कलाकाराच्या कल्पनेतलं चित्र आहे' अशा अर्थाची ओळ बारीक अक्षरांत असते. त्या ओळीने जबाबदारी आपोआप संपत नाही. रिअल इस्टेट कायदा, 2016 च्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं, तर बिल्डरला ते भरून द्यावं लागतं. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल, तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत मिळण्याचा हक्क त्याच कलमात आहे. कलम 14 प्रमाणे मंजूर आराखड्यातल्या सामाईक जागांत बदल करायला किमान दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. महारेराने ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्पाची महारेराकडची माहिती समोर येते.

तरीही तक्रारीच्या वेळी चित्रापेक्षा आकडा अधिक भक्कम ठरतो. चित्रावर वाद होऊ शकतो, करारनाम्यात लिहिलेल्या '12 मीटर गुणिले 5 मीटर, खोली 1.2 मीटर' या ओळीवर वादाला जागा राहत नाही. म्हणून बुकिंगची रक्कम देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. पूलची लांबी, रुंदी आणि खोली. तो ओव्हरफ्लो आहे की स्किमर. क्लबहाऊसचं क्षेत्रफळ, गच्ची आणि ओसरी धरून किती व न धरता किती. आणि दोन्ही गोष्टी वापरायला मिळण्याची तारीख. ब्रोशरही जपून ठेवा, कारण तो पुरावा आहे.

चित्र बनवणाऱ्या आणि ते मागवणाऱ्यांनाही एवढंच सांगणं आहे. माणसं आराखड्याच्या मापात ठेवा, पाण्याला पाण्यासारखं वागू द्या आणि पूलची मापं पानावरच छापा. 60 चौरस मीटरचा पूल 60 चौरस मीटरचाच दिसला, तर घर घेणाऱ्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून बरोबर राहतो.